दोनशे चाळीस प्रश्न

कंपनीच्या प्रयोगशाळेत मी तेवीस वर्षं काढली. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकलेला नियम म्हणजे नोंदीच्या तक्त्यात रकाना रिकामा ठेवायचा नाही. आकडा नसेल तर कारण लिहा, लागू नसेल तर आडवी रेघ मारा आणि सही करा. रिकामा रकाना म्हणजे कुणीतरी काम केलेलं नाही. हा नियम मी घरीही पाळतो. गॅसची टाकी कधी लावली, टँकर किती वाजता आला, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं. बायको म्हणते, "देवाघरी गेलात की आधी तिथलं हजेरीपुस्तक तपासाल." म्हणू दे. पण याच नियमापायी एका बाईचं काम मी माझ्या हाताने नासवलं, ते मला अजून पचलेलं नाही.

बोईसरजवळ सरावलीला आमचं घर आहे. खाली आम्ही आणि एक भाड्याची खोली, वर आणखी एक. खालच्या खोलीत ओडिशाचा एक ऑपरेटर राहतो, चाळिशीचा, शांत माणूस. वरची खोली त्या वर्षी एका शिक्षिकेने घेतली होती. शाळेतून वर्षभराची सुट्टी काढून ती प्रबंध लिहीत होती. आमच्याकडे सगळे तिला बाईच म्हणायचे.

विषय काय, म्हणून मी पहिल्या दिवशीच विचारलं.

"लोक प्रश्न कसे विचारतात, ते," बाई म्हणाली.

"तोंडाने," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा प्यायला लागलो. बाई मात्र हसली. म्हणाली, "काका, तुम्ही आत्ता 'विषय काय' विचारलंत. त्यात 'काय' आहे, म्हणून प्रश्न कळला. पण काकूंनी मघाशी मला नुसतं 'चहा घेणार?' विचारलं. त्यात तर प्रश्नाचा शब्दच नाही. मग तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणालो, "'का' राहिला असेल तिचा. 'चहा घेणार का' असं पूर्ण वाक्य."

"राहिलाबिहिला नाही," बायको आतून म्हणाली. "मला तेवढंच म्हणायचं होतं."

तेव्हाच मी नीट ऐकायला हवं होतं.

त्या ओडिशाच्या भाऊंना बाईने एकदा नळावर गाठलं. 'तुम्ही जेवलात का' हे तुमच्याकडे कसं विचारतात, म्हणाली. ते बादली खाली ठेवून म्हणाले, "खा लिया मॅडम, दाल-चावल." बाई मला म्हणाली, "बघा. प्रश्न भाषांतराला दिला की लोक उत्तर देतात." मग तिने वेगळी युक्ती केली. म्हणाली, "समझो आपका दोस्त ड्यूटी से आया. आपको मालूम नहीं उसने खाना खाया या नहीं. आप क्या बोलेंगे?" ते लगेच म्हणाले, "खाइल कि?" ओडियात तो 'कि' शेवटी लागतो. आपला 'का' बसतो तिथेच.

मग रोज संध्याकाळी ओट्यावर हेच. हिंदीत 'क्या' वाक्याच्या तोंडाला आला की हो-नाहीचा प्रश्न, क्रियापदाच्या आधी आला की बहुतेक 'काय' विचारणारा. 'क्या तुम खाओगे' वेगळं, 'तुम क्या खाओगे' वेगळं. आणि आमच्या बोईसरच्या रिक्षात तोच 'क्या' मागे जाऊन बसतो, 'स्टेशन चलोगे क्या'. मराठीत 'तू गेलास का' आणि 'तू का गेलास' यात फक्त 'का'ची जागा बदलते, पण पहिल्याला हो-नाही पुरतं आणि दुसऱ्याला कारण द्यावं लागतं. तेलुगूत वेगळा शब्दच लागत नाही, क्रियापदाचा शेवट 'आ' होतो. 'वस्तावु' म्हणजे येशील, 'वस्तावा' म्हणजे येशील का. इंग्रजीत शब्दांची जागाच बदलते, 'यू आर' चं 'आर यू'. आणि आवाज शेवटी चढवून, काहीही न जोडता, कितीतरी भाषांत काम भागतं. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. मला असल्या गोष्टी आवडतात, जागा ठरलेली असते.

एप्रिलच्या शेवटी बाईला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी तीन आठवडे अंथरूण सांगितलं. तिचं बाकी सगळं गोळा झालं होतं. राहिलं होतं दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातलं काम, आठ माणसं, प्रत्येकी तीस प्रश्न. आणि ते प्रकरण मे संपायच्या आत मार्गदर्शकांकडे जायलाच हवं होतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली, ती रुजू झाली, की पुढे प्रबंध कपाटात. असे किती प्रबंध कपाटात आहेत ते तिनेच आम्हाला सांगितलं होतं.

मी म्हणालो, माझी सहा दिवसांची रजा शिल्लक आहे, मी जातो.

ती लगेच हो म्हणाली नाही. मला त्याचा थोडा रागही आला. आठ गुणिले तीस, यात काय अवघड आहे? शेवटी तापातच उशीला टेकून तिने मला समजावलं. "काका, वाक्य म्हणून दाखवायचं नाही. प्रसंग सांगायचा. त्या माणसाला काय माहीत नाही ते सांगायचं आणि गप्प बसायचं. ते म्हणतील ते रेकॉर्ड करायचं आणि फॉर्मवर लिहायचं, चुकीचं वाटलं तरी." मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. ती वही माझ्याकडे आहे. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

फॉर्मला रकाने होते. वाक्य. प्रश्नाचा शब्द. त्या शब्दाची जागा, आधी, मध्ये की शेवटी. आवाजाचा रकाना बाई स्वतः नंतर ऐकून भरणार होती.

पहिल्या दिवशी लोकलने सफाळ्याला उतरून पुढे एसटीने दातिवरे गाठलं. बाईची आधीची ओळख असलेली एक मावशी होती, सत्तरीची, बोंबील वाळत घालणारी. तिची सून जवळा पसरत होती. मी फॉर्म काढला आणि पहिला प्रसंग सांगितला. "मावशी, समजा शेजारीण टोपली घेऊन परत आली. ती बाजारात जाऊन आली की नाही ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही काय विचाराल?"

मावशीने बोंबील वाळवणाच्या वलांडीवर अडकवला. "इचारायचं कशाला? टोपली रिकामी दिसल ना."

"टोपली झाकलेली आहे समजा."

"झाकलेली टोपली घेऊन बाजारातनं कोन येतं रे दादा?"

सून पदर तोंडाला लावून हसत होती. दुसरा प्रसंग, नवरा होडीवरून आला, मासळी मिळाली की नाही माहीत नाही. "त्याचं थोबाड बघून कळतं," मावशी म्हणाली. तीन तासांत माझ्या हाती अकरा वाक्यं लागली. गणित केलं. या गतीने दोनशे चाळीसला बावीस दिवस. रजा सहा दिवसांची.

परतीच्या बसमध्ये मी ती अकरा वाक्यं वाचली. 'तू बाजारान गेलतीस.' 'मासली मिलाली.' 'त्यो येनार उंद्या.' प्रश्नाच्या शब्दाचा रकाना अकरा वेळा रिकामा. जागेचा रकाना अकरा वेळा रिकामा. मावशी बोलली तेव्हा मला ते प्रश्नच वाटले होते, हे नक्की आठवतं. पण कागदावर ते प्रश्न राहिले नव्हते, साधी विधानं दिसत होती. आणि मी कानापेक्षा कागदावर विश्वास ठेवणारा माणूस. मी ठरवलं की मावशीला विषय कळला नाही. अकराही फॉर्मवर 'विधान, अग्राह्य' लिहिलं, सही केली. आणि रेकॉर्डिंगचे क्रमांक फॉर्मच्या क्रमांकांशी जुळावेत म्हणून, पुढे लोकलमधून बोईसरला उतरायच्या आत, ती अकरा रेकॉर्डिंग्ज पुसून टाकली.

इतकं व्यवस्थित. एकही उरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी पद्धत आणली. पूर्ण वाक्य म्हणायचं, "तू बाजारात गेलीस का?", आणि सांगायचं, "हे तुमच्या बोलीत म्हणा." सुरुवातीला उत्तरंच आली. "गेलती ना सकाळी." मग मी म्हणालो, उत्तर नको, माझ्यामागून म्हणा. मग गाडी सुटली. "तू बाजारान गेलतीस का." पुढे. "मासली मिलाली का." पुढे. पाच दिवसांत आठ माणसं, दोनशे चाळीस वाक्यं. दोनशे सदतीस ठिकाणी 'का', शेवटी. तीन ठिकाणी 'काय', तोही शेवटी. एकही रकाना रिकामा नाही. फॉर्मचा गठ्ठा दोऱ्याने बांधून बाईच्या उशाशी ठेवला तेव्हा मला कंपनीत वार्षिक तपासणी पार पडल्यावर वाटतं तसं वाटलं.

बाई तेव्हा उठून बसू लागली होती. दुसऱ्या दिवशी ती कानाला हेडफोन लावून ऐकत होती आणि मी दारात उभा. पंधरा-वीस वाक्यं झाल्यावर तिने हेडफोन काढला. मला वाटलं, शाबासकी.

"काका, प्रत्येक वाक्याच्या आधी तुमचा आवाज आहे."

"हो. वाक्य सांगावं लागत होतं. नाहीतर त्या उत्तर देत होत्या."

"तुम्ही 'का' लावून सांगताय, त्या 'का' लावून म्हणतायत." तिने फॉर्म पलटले, एकेक, शेवटपर्यंत. "हे दोनशे सदतीस 'का' तुमचेच आहेत."

मी म्हणालो, "पण बोलल्या तर त्याच ना. आवाज त्यांचाच आहे."

"मी तुम्हाला 'नमस्कार' म्हणायला लावलं तर तुम्ही म्हणाल. त्यावरून तुम्ही सकाळी उठून काय म्हणता ते कळेल?"

मग ती अकरा फॉर्मपाशी आली. मी सगळ्यात खाली, वेगळे बांधले होते. ती वाचत गेली आणि तिचा चेहरा उजळला, ते मला जास्त लागलं. "हे आहेत की! हेच तर हवेत. शब्द नाही, नुसत्या आवाजावर. बायका बायकांत अशाच बोलत असणार, मला वाटतच होतं. यांचं रेकॉर्डिंग कुठल्या नंबरला आहे?"

"पुसलं," मी म्हणालो.

"सगळं?"

"क्रमांक जुळत नव्हते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने अकरा फॉर्म पुन्हा बांधले, गाठ मारली, आणि म्हणाली, "कागदावर हे विधानच दिसतं ना काका. आवाज असता तरच प्रश्न." मग भिंतीकडे तोंड करून पडली. ताप नव्हता. मी विचारून घेतलं होतं.

खाली आलो तर बायको म्हणाली, "इतकी वर्षं कंपनीत नमुने तपासता. तुमच्याच हाताची धूळ नमुन्यात पडली तर काय करता?"

"नमुना टाकून देतो."

"मग टाका. आणि दुसरा आणा."

मे संपायला नऊ दिवस होते. रजा संपली होती. साप्ताहिक सुट्टी एक, आणि एक दिवस बिनपगारी मागून घेतला. असे दोन दिवस.

पहिला दिवस अक्षरशः फुकट गेला. मी वाड्यात शिरलो तसा जाळं विणणाऱ्या एका बाईने दुसरीला आवाज दिला, "आला गं मास्तर!" आणि मी काही बोलायच्या आत तिघींनी शाळेत पाढे म्हणतात तसा सूर लावला, "तू जेवलास काऽ, तू आलास काऽ, तू झोपलास काऽ." पोट धरून हसल्या. मी नीट प्रसंग सांगितले, बाईने शिकवल्याप्रमाणे गप्प बसलो. पण फॉर्म बघितला की जी ती आधी माझ्याकडे बघायची, मग वाक्याला 'का' लावायची आणि विचारायची, "बरोबर?" त्या 'बरोबर'ला 'का' नव्हता. तो आवाजावर विचारलेला अस्सल प्रश्न होता. आणि तो बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आला; यंत्रात तो नव्हताच, कारण मी रेकॉर्डर प्रत्येक वाक्यानंतर लगेच बंद करत होतो. बॅटरी वाचावी म्हणून.

 दोनशे चाळीस वाक्यं मी नासवली होतीच, आता माणसंही नासवली होती. मी शिकवलेला 'का' मलाच परत काढून घेता येत नव्हता.

दुसऱ्या दिवसासाठी निघताना बाईला विचारलं, काय करू. ती म्हणाली, "फॉर्म घरी ठेवा. मावशीला रेकॉर्डरचं सांगा, परवानगी घ्या, आणि काही विचारू नका. त्यांना तुम्हाला विचारू द्या."

"आणि त्यांनी काहीच विचारलं नाही तर?"

"तर नाही. मग अकरा फॉर्मची एक तळटीप घालीन."

मावशी वलांडीखाली सावलीत बसून वाळलेल्या बोंबलांच्या जुड्या बांधत होती. मी सांगितलं की आज काही म्हणून घ्यायचं नाही, फक्त तुमचं बोलणं या यंत्रात जाईल, चालेल ना? ती म्हणाली, माझं बोलनं काय सोन्याचं हाय, ने. मी रेकॉर्डर टोपलीच्या काठावर ठेवला आणि चालू केला.

तिने वाकून बघितलं. "चालू हाय?"

मी "हो, चालू आहे" म्हणालो आणि मगच कळलं की पहिला मिळाला.

मी जुड्या मोजायला लागलो. सवयच ती. एका जुडीत कधी चोवीस, कधी सव्वीस. मी ते बोलून दाखवलं तर मावशी म्हणाली, "मोजतोस? तुज्या घरात मोजून खातात?" मग माझ्या हातात पेंढी देऊन, "बांधता येतं?" येत नव्हतं. तिने दाखवलं. "पानी पिनार?" सुनेला हाक मारून, "ए, ह्याला पानी दिलंस?" मग माझ्याकडे, "तुजी बायको नाय आली?" मग बाईचा विषय. "ती पोर बरी झाली? ताप गेला? जेवते?" आणि एकदा, मी गाठ तिसऱ्यांदा चुकवल्यावर, "डोलं फुटलं का रं तुजं?" तिथे 'का' होता, चांगला ठणठणीत, आणि तो माझा नव्हता. मध्येच काही 'कोन' आणि 'कवा'. वाटेवरून कोण जातंय, बस कधी आहे. त्यांत आवाज चढत नव्हता. तिथे शब्दच पुरत होता. हे मी तिथे बसून ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं म्हटलं तरी चालेल.

मी निघालो तेव्हा मावशी म्हणाली, "तुजं काम झालं?"

"झालं बहुतेक."

"मग मला तू इचारलंच नाय काय?"

घरी येऊन बाईबरोबर ओळीने ऐकलं आणि मोजलं. सव्वीस प्रश्न. त्यांत 'कोन', 'कवा' असल्या प्रश्नशब्दांचे सात. उरलेल्या एकोणीसपैकी 'का' दोनदा, 'काय' एकदा, आणि सोळा नुसते आवाजावर. बाईने आवाजाचा रकाना भरला, सोळांच्या पुढे एकेक वर जाणारा बाण काढत. मी शेजारी बसून बाकीचे रकाने भरत होतो. सोळा फॉर्मवर प्रश्नाच्या शब्दापाशी आलो की पेन आपोआप आडवी रेघ मारायला जात होतं. पहिल्या फॉर्मवर मी रेघ मारलीच.

"रेघ नको काका," बाई म्हणाली. "रेघ म्हणजे लागू नाही. इथे लागू आहे, पण शब्द नाही. मोकळं ठेवा."

तो फॉर्म फाडून नवा लिहिला. सोळाही मोकळे ठेवले. सही मात्र केली.

प्रकरण तीस तारखेला गेलं. चाळीस पानांचं व्हायचं होतं, सोळा पानांचं झालं. आठ माणसांच्या ऐवजी एक. मार्गदर्शकांनी ते घेतलं, पण समासात लिहिलं की दातिवऱ्याची सामग्री अपुरी आहे, आणखी बोलणाऱ्यांची नोंद करावी. बाईने तो कागद मला दाखवला नाही. टेबलावर होता, मी वाचला. जूनमध्ये खोली सोडून ती शाळेत रुजू झाली. प्रबंध कपाटात गेला नाही, एवढंच. सुट्टीच्या दिवशी येते आणि दातिवऱ्याला जाते. एकटी जाते. मी बरोबर येतो म्हणालो होतो.

"नको काका," ती म्हणाली. "तुम्हाला बघितलं की त्या अजून पाढे म्हणतात."

दोनशे चाळीस फॉर्मचा गठ्ठा माझ्या कपाटात आहे. वरच्या कागदावर 'अग्राह्य' लिहून सही केली आहे. खाली कारणही लिहिलं: नमुना घेणाऱ्याने दूषित केला.